विश्लेषण : मुदत ठेवीवरील व्याजातून कर आणि महागाई वजा केल्यावर हाती नेमके काय उरते?

बँकेच्या फलकावर मुदत ठेवीचा एकच दर लिहिलेला असतो. ठेवीदाराच्या दृष्टीने मात्र त्या ठेवीचे तीन दर असतात. पहिला पावतीवरचा, दुसरा कर भरल्यानंतरचा आणि तिसरा महागाई वजा केल्यानंतरचा. पैशाची खरेदीची ताकद वाढली की घटली, हे फक्त तिसरा दर सांगतो आणि तो कोणत्याही पावतीवर छापलेला नसतो. जून २०२० मध्ये ठेवलेल्या आणि जून २०२५ मध्ये मुदत संपलेल्या पाच वर्षांच्या एका ठेवीचा हिशेब मांडला, तर हा तिसरा दर कसा ठरतो आणि तो शून्याच्या खाली कधी जातो, हे स्पष्ट होते.

खरा परतावा म्हणजे काय?

आज १० लाख रुपयांत जेवढ्या वस्तू आणि सेवा मिळतात, त्यापेक्षा जास्त वस्तू आणि सेवा ठेवीची मुदत संपल्यावर मिळणाऱ्या रकमेत घेता आल्या, तर ठेवीदाराला खरा परतावा मिळाला. तेवढ्याच आल्या तर परतावा शून्य आणि कमी आल्या तर उणे. रुपयांचा आकडा वाढलेला असूनही परतावा उणे असू शकतो.

त्याचे सूत्र सोपे आहे.

खरा परतावा = (१ + करोत्तर व्याजदर) ÷ (१ + महागाई दर) − १

अनेक जण व्याजदरातून महागाई दर सरळ वजा करतात. एका वर्षासाठी आणि लहान दरांसाठी या पद्धतीने येणारे उत्तर फारसे चुकत नाही. मात्र क्रम चुकला तर उत्तर बरेच चुकते. आधी कर वजा करायचा आणि नंतर महागाई. कारण कर संपूर्ण व्याजावर लागतो, महागाई भरून निघाल्यावर उरलेल्या व्याजावर नाही. पुढचा सगळा प्रश्न या एका गोष्टीतून उभा राहतो.

पाच वर्षांच्या ठेवीचे काय झाले?

करोनाकाळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवर आणला होता. मे २०२० ते मे २०२२ अशी दोन वर्षे तो तिथेच राहिला. त्यामुळे २०२० च्या मध्यावर मोठ्या सरकारी बँकेत पाच वर्षांच्या ठेवीवर साधारण ५.४ टक्के व्याज मिळत होते. समजा, खासगी कंपनीत नोकरी करणाऱ्या पन्नाशीतल्या एका व्यक्तीने जून २०२० मध्ये या दराने १० लाख रुपये ठेवले. व्याज मुदलात जमा होत राहणारी, म्हणजे संचयी ठेव घेतली. जुन्या करप्रणालीत या व्यक्तीचे करपात्र उत्पन्न पाच ते दहा लाखांच्या दरम्यान आहे. त्यामुळे व्याजावर २० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, असा एकूण २०.८ टक्के भार पडतो.

आधी पहिले वर्ष पाहू. बँका व्याजाची आकारणी तिमाहीने करतात. त्यामुळे ५.४ टक्के दराने वर्षअखेरीस प्रत्यक्षात ५.५१ टक्के, म्हणजे सुमारे ५५,१०० रुपये व्याज मिळते. त्यातले सुमारे ११,४५० रुपये करात जातात आणि ४३,६५० रुपये उरतात. म्हणजे करोत्तर दर झाला ४.३६ टक्के. जून २०२१ मध्ये किरकोळ महागाईचा वार्षिक दर होता ६.२६ टक्के. वर्षापूर्वी १० लाखांत येणाऱ्या गोष्टींसाठी आता १०,६२,६०० रुपये लागत होते आणि ठेवीत होते सुमारे १०,४३,६५०. एका वर्षात जवळपास १९ हजारांची तूट पडली.

पुढच्या वर्षी ती आणखी वाढली. युक्रेन युद्धानंतर इंधन आणि खाद्यतेल महागले आणि जून २०२२ मध्ये महागाई दर ७.०१ टक्क्यांवर गेला. त्यानंतर जून २०२३ मध्ये तो ४.८७, जून २०२४ मध्ये ५.०८ आणि जून २०२५ मध्ये २.१० टक्के राहिला. या पाच वर्षांच्या दरांचा गुणाकार केला, तर जून २०२० मध्ये १० लाखांत मिळणाऱ्या गोष्टींना जून २०२५ मध्ये सुमारे १२.७९ लाख रुपये लागतात.

ठेवीत तेव्हा किती जमा झाले होते? कर दरवर्षी व्याजातूनच भरला असे धरले, तर सुमारे १२.३८ लाख. म्हणजे ४१ हजार रुपये कमी. जून २०२० च्या किमतींत मोजायचे, तर १० लाखांचे ९.६८ लाख झाले. पासबुकात दोन लाख ३८ हजारांची वाढ दिसत असताना खरेदीची ताकद ३२ हजारांनी घटली होती.

नुकसान महागाईमुळे झाले की करामुळे?

हीच ठेव करपात्र उत्पन्न नसलेल्या व्यक्तीच्या नावावर असती, तर मुदतीअंती १३.०८ लाख रुपये मिळाले असते. लागत होते १२.७९ लाख. म्हणजे जून २०२० च्या किमतींत १० लाखांचे १०.२२ लाख झाले असते. कमाई अगदीच थोडी, पण नुकसान नाही. याउलट ३० टक्क्यांच्या टप्प्यातील, म्हणजे उपकरासह ३१.२ टक्के कर भरणाऱ्या ठेवीदाराच्या हाती १२.०४ लाख आले असते आणि त्यांचे मूल्य राहिले असते ९.४१ लाख.

बँक तीच, दर तोच, महागाईही तीच. तरी एकाचा परतावा अधिक, तर दोघांचा उणे. फरक फक्त कराच्या टप्प्याचा आहे.

आपल्या उदाहरणातील ठेवीदाराला पाच वर्षांत मिळून सुमारे तीन लाख रुपये व्याज मिळाले. त्यातले २.७९ लाख रुपये ही महागाईमुळे झिजलेल्या मुदलाची भरपाई होती. ती वजा केली तर खरी कमाई उरते सुमारे २१ हजार रुपये. पण प्राप्तिकर खात्याच्या लेखी संपूर्ण तीन लाख हे उत्पन्न आहे आणि त्यावर कर भरावा लागला सुमारे ६२,५०० रुपये. जेवढी खरी कमाई झाली, त्याच्या जवळपास तिप्पट कर. हा कर त्या कमाईतून भागत नाही, त्यामुळे उरलेला मुदलातून जातो.

महागाई वाढली आणि व्याजही तेवढेच वाढले, तर?

महागाई वाढली की बँकाही व्याज वाढवतात, त्यामुळे हिशेब बरोबरीत सुटतो, असा एक समज आहे. तो कर नसेल तरच खरा ठरतो. महागाई ४ टक्के आणि व्याज ६ टक्के असेल, तर ३१.२ टक्के कर भरणाऱ्याच्या हाती ४.१३ टक्के येतात आणि खरा परतावा ०.१२ टक्के राहतो, म्हणजे कसाबसा शून्याच्या वर. आता महागाई ८ टक्के आणि व्याज १० टक्के धरू. दोहोंतील अंतर दोनच टक्क्यांचे आहे. पण करानंतर ६.८८ टक्के उरतात आणि खरा परतावा होतो उणे १.०४ टक्के.

व्याजदराचा आकडा जितका मोठा, तितका त्यातला महागाईच्या भरपाईचा भाग मोठा आणि त्या भागावरही कर लागतोच. म्हणून दहा टक्के व्याजाचे दिवस आठवणाऱ्या ठेवीदाराने त्या दिवसांतली महागाई आणि आपला तेव्हाचा कराचा टप्पा, दोन्ही आठवायला हवेत.

नुकसान होऊ नये म्हणून किती व्याज हवे, हेही यातून काढता येते. अपेक्षित महागाईला १ वजा कराचा दर याने भागायचे. महागाई ४ टक्के धरली, तर कर नसलेल्याला ४ टक्के व्याज पुरते. २०.८ टक्के भरणाऱ्याला ५.०५ आणि ३१.२ टक्के भरणाऱ्याला ५.८१ टक्के लागतात. महागाई ५ टक्के झाली, तर शेवटचा आकडा ७.२७ टक्क्यांवर जातो. ही केवळ मुद्दल शाबूत ठेवण्याची पातळी आहे. कमाई त्यानंतर सुरू होते.

मग मुदत ठेव नेहमीच तोट्याची असते का?

नाही. याच ठेवीदाराने जून २०२४ मध्ये एक वर्षासाठी ६.८ टक्क्यांनी पैसे ठेवले असते, तर तिमाही आकारणीने त्याला ६.९८ टक्के मिळाले असते आणि २०.८ टक्के करानंतर ५.५२ टक्के उरले असते. त्या वर्षाची महागाई २.१० टक्के होती. खरा परतावा ३.३५ टक्के. ३१.२ टक्के कर भरणाऱ्यालाही अडीच टक्क्यांहून अधिक मिळाले.

दोन्ही ठेवींतला फरक वेळेचा आहे. पहिली ठेव व्याजदर तळाला असताना पाच वर्षांसाठी अडकली आणि त्यानंतर महागाई उसळली. दुसरी ठेव दर चढलेले असताना झाली आणि त्यानंतर महागाई उतरली. ठेव करताना व्याजदर पक्का होतो, महागाई मात्र पुढे घडायची असते. म्हणून ठेवीचा खरा परतावा पैसे ठेवण्याच्या दिवशी कुणालाच ठाऊक नसतो.

अनेकदा चूक होते ती इथेच. आजचा व्याजदर आणि आजवरच्या बारा महिन्यांची महागाई यांची तुलना केली जाते. ऑक्टोबर २०२५ मध्ये किरकोळ महागाई ०.२५ टक्के इतकी खाली आली होती. त्या आकड्यावरून पाहिले, तर कोणतीही ठेव आकर्षक वाटली असती. पण मागच्या वर्षीच्या चढ्या भाज्यांच्या दरांशी तुलना झाल्यानेही आकडा खाली दिसतो आणि तो पुढची पाच वर्षे तसाच राहील असे नसते. दीर्घ मुदतीच्या ठेवीसाठी रिझर्व्ह बँकेचे ४ टक्क्यांचे महागाई लक्ष्य आणि त्याच्या वरची ६ टक्क्यांची मर्यादा, या दोन्ही आकड्यांवर हिशेब करून पाहणे अधिक व्यवहार्य ठरते.

दरमहा व्याज घेणाऱ्यांचे काय होते?

वरचा हिशेब संचयी ठेवीचा होता. दरमहा व्याज खर्चासाठी घेणाऱ्यांचा, म्हणजे प्रामुख्याने निवृत्तांचा हिशेब यापेक्षा वेगळा असतो. १० लाखांवर ५.४ टक्क्यांनी महिन्याला साधारण साडेचार हजार रुपये हाती येतात. पाच वर्षे ही रक्कम तेवढीच राहते. जून २०२५ मध्ये मात्र त्या साडेचार हजारांत २०२० सालच्या साडेतीन हजारांएवढेच सामान येत होते. मुदत संपल्यावर परत मिळालेले १० लाखही २०२० च्या किमतींत सुमारे ७.८२ लाखांचे उरले.

कारण महागाईच्या भरपाईचा भागही इथे दर महिन्याला खर्च झालेला असतो. ‘मुद्दलाला हात लावला नाही’ असे म्हणणाऱ्या घरातही मुद्दल झिजत असते. मुद्दल टिकवायचे, तर करोत्तर व्याजातील महागाईएवढा भाग पुन्हा ठेवीत घालावा लागतो आणि त्याच्या वरचेच खर्चाला घेता येते.

शिवाय महागाईचा जाहीर होणारा आकडा हा देशातील सरासरी कुटुंबाचा असतो. २०१२ हे पायाभूत वर्ष असलेल्या निर्देशांकात अन्न आणि पेये यांचा वाटा ४५.८६ टक्के, तर आरोग्याचा ५.८९ टक्के होता. ज्या घरात औषधे आणि तपासण्यांवर महिन्याचा पाचवा हिस्सा जातो, त्या घराची महागाई या आकड्याहून वेगळी असते.

कराच्या हिशेबात कुठे चूक होते?

सर्वात मोठा गैरसमज टीडीएसचा आहे. बँकेने १० टक्के कापून घेतले म्हणजे कर संपला, असे अनेकांना वाटते. टीडीएस ही केवळ आगाऊ कपात आहे. अंतिम कर उत्पन्नाच्या टप्प्यानुसार ठरतो. ३० टक्क्यांच्या टप्प्यातील ठेवीदाराला उरलेला कर विवरणपत्र भरताना द्यावा लागतो, तर कर लागू नसलेल्याला कापलेली रक्कम परत मिळते. आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी टीडीएसची मर्यादा सर्वसाधारण ठेवीदारांना एका बँकेत वर्षाला ५० हजार आणि ज्येष्ठ नागरिकांना एक लाख रुपये व्याज अशी आहे. या मर्यादेच्या आत व्याज असले तरी ते करमुक्त होत नाही. फक्त बँक कपात करत नाही.

दुसरी चूक संचयी ठेवीची. पैसे हाती पाच वर्षांनी येणार, म्हणून कर पाचव्या वर्षी, असे गृहीत धरले जाते. बँक मात्र दरवर्षी जमा झालेले व्याज प्राप्तिकर खात्याला कळवते आणि ते त्या त्या वर्षाच्या माहितीपत्रात दिसते. पाच वर्षांचे व्याज एकदम दाखवल्यास नोंदी जुळत नाहीत आणि एका वर्षात उत्पन्न फुगून वरचा टप्पा लागू शकतो.

ज्येष्ठ नागरिकांसाठी जुन्या करप्रणालीत कलम ८०टीटीबीनुसार ५० हजारांपर्यंतच्या व्याजाची वजावट आहे आणि बहुतेक बँका त्यांना अर्धा टक्का जास्त व्याज देतात. या दोन गोष्टींमुळे लहान ठेवी असलेल्या ज्येष्ठांचा खरा परतावा वरच्या उदाहरणापेक्षा चांगला येतो. नव्या करप्रणालीत ही वजावट नाही.

बारा लाखांच्या रेषेवर काय घडते?

नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. त्यामुळे अनेकांच्या ठेवींवरचा कर संपला. पण या रेषेच्या अगदी जवळ असणाऱ्यांसाठी व्याजाचा हिशेब विचित्र होतो.

समजा, एखाद्याचे इतर करपात्र उत्पन्न ११.९० लाख आहे आणि ठेवींचे व्याज ५० हजार. एकूण उत्पन्न झाले १२.४० लाख. टप्प्यांनुसार कर ६६ हजार येतो. मात्र सीमान्त सवलतीमुळे तो १२ लाखांवरच्या रकमेपुरता, म्हणजे ४० हजारांपुरता मर्यादित राहतो. उपकर धरून ४१,६०० रुपये. व्याज नसते तर कर शून्य होता. म्हणजे ५० हजारांच्या व्याजातून हाती राहिले ८,४०० रुपये. अशा ठेवीदाराचा करोत्तर दर एक-सव्वा टक्क्यावर येतो आणि महागाई बरीच कमी असली, तरी त्याचा खरा परतावा उणे राहण्याची शक्यता असते. साधारण १२.७० लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर हा परिणाम जाणवतो. त्यामुळे या पट्ट्यातील व्यक्तीने ठेव कोणाच्या नावावर, किती आणि कोणत्या वर्षी करायची, हे आधी ठरवणे फायद्याचे असते. पती किंवा पत्नीला पैसे भेट देऊन त्यांच्या नावावर ठेव केली, तरी त्या रकमेवरचे व्याज देणाऱ्याच्याच उत्पन्नात धरले जाते.

स्वतःच्या ठेवीचा हिशेब कसा करावा?

पावतीवरचा वार्षिक दर घ्यावा. जाहिरातीतला ‘सरासरी उत्पन्न दर’ घेऊ नये. ७ टक्क्यांची पाच वर्षांची ठेव १०० रुपयांचे सुमारे १४१.५० करते. या ४१.५० रुपयांना पाचने भागून ८.३ टक्के असा आकडा काही ठिकाणी दाखवला जातो. पण ठेव मिळवत असते ते तिमाही आकारणीसह वर्षाला ७.१९ टक्केच.

त्यानंतर व्याज धरून आपले एकूण उत्पन्न कोणत्या टप्प्यात जाते ते पाहून उपकरासह कर वजा करावा. उरलेल्या दराची तुलना आधी ४ टक्के आणि मग ६ टक्के महागाईशी करावी. ७.१९ टक्क्यांतून ३१.२ टक्के कर गेल्यावर ४.९४ टक्के उरतात. महागाई ४ टक्के राहिली तर खरा परतावा ०.९ टक्के आणि ६ टक्के झाली तर उणे एक टक्का. वर्षभरात लागणाऱ्या पैशांसाठी किंवा अडीअडचणीच्या तरतुदीसाठी हे अंतर फारसे महत्त्वाचे नाही, कारण तिथे रक्कम ठरल्या दिवशी पूर्ण हाती येणे हेच काम असते. पंधरा-वीस वर्षांनी लागणारा सगळा पैसा मात्र याच दराने पुन्हा पुन्हा फिरवत ठेवायचा असेल, तर निर्णयाआधी पाहायचा आकडा ०.९ किंवा उणे एक हा आहे, पावतीवरचा ७ नाही.